टीव्हीचा अर्धा स्क्रीन काळा झालाय किंवा आडवी रेघ आलीय? दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

सिंहगड रोडला माझं टीव्ही रिपेअरचं छोटं दुकान आहे. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून काढलं. हे एलईडी टीव्हीबद्दल आहे, म्हणजे एलसीडी पॅनल आणि मागे एलईडीच्या पट्ट्या. ओएलईडीचं प्रकरण वेगळं आहे, त्यात रेघ आली तर सरळ कंपनीला फोन लावा, गल्लीतल्या मेकॅनिकच्या हाती देऊ नका, माझ्यासुद्धा नाही.

अर्धा स्क्रीन काळा झालाय, म्हणजे पॅनल गेला का?

कुठला अर्धा ते आधी सांगा. हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो आणि दहातले आठ लोक म्हणतात "अहो अर्धा म्हणजे अर्धा". तसं नाही. डावीकडचा किंवा उजवीकडचा अर्धा गेला असेल आणि काळ्याची हद्द बरोब्बर मधोमध उभी असेल, तर बरीच आशा आहे, कारण तिथे रिबनचा, म्हणजे आतल्या चपट्या केबलचा संबंध येतो. वरचा किंवा खालचा अर्धा गेला असेल तर रिबनची शक्यता कमी होते आणि काचेच्या आतला प्रॉब्लेम असण्याची वाढते. आणि काळा पट्टा अर्धाही नाही, एक वीतभर रुंद उभा आहे, बाकी चित्र चांगलं आहे, तर तो तिसराच प्रकार, तो खाली बॉन्डिंगच्या प्रश्नात येईल.

तुमच्याकडे आणण्याआधी घरी काय बघू? काही न उघडता.

तीन गोष्टी बघा, पाच मिनिटांचं काम आहे. रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा, सेटिंगवाला, सेटटॉप बॉक्सचा नव्हे. मेनू पण त्याच काळ्या हद्दीवर कापला जातोय का बघा. मेनू पूर्ण दिसतोय आणि फक्त चॅनलचं चित्र अर्धं आहे, तर टीव्ही ठणठणीत आहे, बॉक्स नाहीतर एचडीएमआयची वायर बघा. एका काकांचा ५० इंची टीव्ही दोघांनी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवून रिक्षात घालून आणला आणि दोष बॉक्सचा निघाला, तेव्हापासून मी फोनवरच मेनू बघायला लावतो.

दुसरं, रात्री खोलीतले दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च काळ्या भागावर तिरका धरा, अगदी काचेजवळ. अंधुक चित्र हललेलं दिसलं तर पॅनल चालू आहे, मागचा उजेड गेलाय, म्हणजे बॅकलाइटच्या पट्ट्या किंवा त्यांचा ड्रायव्हर. ते काम होण्यासारखं आहे. टॉर्च मारून पण काहीच दिसत नाही, म्हणजे त्या भागाला चित्राचा सिग्नलच पोचत नाहीये.

तिसरं रेघवाल्यांसाठी. पिक्चर साइझ बदला, झूम करा, परत नॉर्मल करा. रेघ चित्राबरोबर सरकली किंवा जाड झाली तर ती आत येणाऱ्या चित्रातच आहे. जागची हलली नाही तर ती पॅनलवर आहे.

बरोब्बर अर्धाच का जातो? पाव किंवा पाऊण का नाही?

कारण आत वायरिंगच तसं आहे. मेन बोर्डवरून एक रिबन टीकॉन नावाच्या छोट्या बोर्डाला जाते. टीकॉनचं काम म्हणजे चित्र घेऊन पॅनलला कळेल अशा तुकड्यात वाटून देणं. तिथून पुढे दोन रुंद रिबन निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि त्या पॅनलच्या कडेला असलेल्या दोन लांबट पट्टीसारख्या बोर्डांना जोडलेल्या असतात. डावी पट्टी डावं अर्धं चित्र सांभाळते, उजवी उजवं. त्यातली एक रिबन बसली नाही, गंजली, जळली, की तेवढा अर्धा अंधार.

पट्टीवरून पुढे काचेपर्यंत लवचिक फिल्मचे तुकडे चिकटवलेले असतात आणि प्रत्येकावर एक चिप असते, त्याला आम्ही सीओएफ म्हणतो. साध्या फुल एचडी पॅनलला आडवे १९२० पिक्सेल, प्रत्येकात लाल हिरवा निळा असे तीन, म्हणजे ५७६० उभ्या लाइनी. समजा सहा सीओएफ असतील तर एकेकाकडे ९६० लाइनी आल्या. त्यामुळे एक सीओएफ गेला तर स्क्रीनचा सहावा हिस्सा उभा पट्टा होऊन जातो. म्हणून मी विचारतो की हद्द नक्की कुठे आहे, ती बघून निम्मं निदान फोनवर होतं.

एक अपवाद आहे. ३२ इंचात वगैरे बऱ्याचदा पट्टी एकच असते आणि रिबनही एकच. अशा टीव्हीत अर्धं चित्र गेलं तर "रिबन सैल असेल" ही आशा धरू नका, तिथे दोष पट्टीवर किंवा काचेवर असायची शक्यता जास्त. आणि मेन बोर्डकडून टीकॉनला येणारी रिबन खराब असेल तर सहसा असं नीट अर्धं जात नाही, सगळ्याच चित्राचे रंग बिघडतात, तोंडं हिरवी-जांभळी होतात, नाहीतर चित्रभर बारीक उभ्या रेघा येतात.

पण टीव्ही भिंतीवरच आहे, कोणी हात लावला नाही, रिबन सैल कशी होईल?

हात लावला नाही असं म्हणतात आणि मग आठवतं की गणपतीत मखरासाठी काढून ठेवला होता. खरं सांगायचं तर नुसती सैल झालेली रिबन कमीच सापडते, कारण कनेक्टरला लॉक असतं. जास्त वेळा सापडतो तो गंज. पुण्यात पावसाळ्यात पश्चिमेकडच्या भिंतींना ओल येते, टीव्ही भिंतीला चिकटून, मागे हवा खेळत नाही, टीव्ही गरम होतो, गार होतो, आणि रिबनच्या टोकाच्या पिनांवर काळे हिरवे ठिपके धरतात. झुरळांचा पण हातभार लागतो, त्यांना टीव्हीतली ऊब आवडते आणि त्यांची घाण बोर्ड खाते.

एखादी केस नीट सांगा ना, काय काय केलं आणि किती घेतले?

धायरीच्या एका काकूंचा ४३ इंची, पाच वर्ष जुना. दिवाळीआधी घराला रंग दिला, रंगाऱ्यांनी टीव्ही काढून गादीवर ठेवला, परत लावला, आठवडाभर चालला आणि मग एका संध्याकाळी सिरियल चालू असताना डावा अर्धा काळा. मेनू कापलेला, टॉर्चमध्ये काही नाही, हद्द मधोमध. काकूंना एकाने पॅनल गेला म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी नवीन बघायला सुरुवात पण केली होती.

उघडला. टीकॉन खाली मधोमध पत्र्याच्या झाकणाखाली, दोन्ही रिबन दिसायला बसलेल्या. टीव्ही चालू करून मीटर लावला. पॅनलला लागणारा एक मुख्य व्होल्टेज टीकॉनवर साधारण १५ येत होता, उजव्या पट्टीवर पण १५, डाव्या पट्टीवर शून्य. म्हणजे टीकॉन देतोय, पलीकडे पोचत नाही, मधे फक्त रिबन. प्लग काढला, डावी रिबन सोडवली तर टोकाच्या तीन-चार पिना काळ्या पडलेल्या आणि कनेक्टरच्या कोपऱ्यात हिरवट पावडर. भिंत ओली होती हे नंतर काकूंनीच सांगितलं.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने कनेक्टर आणि रिबन पुसली, सुकू दिली, लावली, चित्र पूर्ण आलं. इथेच बरेच जण पैसे घेऊन मोकळे होतात. मी दोन तास चालू ठेवला आणि तासाभरात गरम झाल्यावर डावी बाजू लुकलुकायला लागली. पिनांवरचा मुलामाच गेला होता, पुसून तो परत येत नाही. मग नवीन रिबन टाकली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालवला, तेव्हा दिला. रिबनचे १५० आणि मजुरी धरून ९०० रुपये घेतले. आणि भिंतीवरचा पातळ ब्रॅकेट काढून दोन-अडीच इंच पुढे येणारा लावायला सांगितला, कारण ओल तशीच आहे आणि पुढच्या पावसाळ्यात उजवी बाजू जायला काय वेळ लागतो.

मी स्वतः उघडून रिबन काढून घालू का? यूट्यूबवर सोपं दिसतं.

हात स्थिर असेल, घाई नसेल आणि वॉरंटी संपलेली असेल तर बघा, पण काही गोष्टी माहीत करून घ्या. आधी प्लग भिंतीतून काढा, नुसता रिमोटने बंद नाही. पॉवर सप्लाय बोर्डावर मोठा कपॅसिटर असतो त्यात ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावर पण काही वेळ राहतो. अर्धा तास थांबा आणि थांबल्यावरसुद्धा त्या बोर्डाला हात लावू नका, तुमचं तिथे काही कामच नाहीये.

टीव्ही गादीवर स्वच्छ चादर टाकून पालथा ठेवा. चादरीखाली रिमोट, चार्जर, लहान मुलाची गाडी काही नाही ना बघा, हसू नका, मी त्या कारणाने फुटलेला पॅनल बघितलाय. मागचे स्क्रू काढताना कुठला कुठून निघाला त्याचा फोटो घ्या, सगळे एका मापाचे नसतात आणि लांब स्क्रू छोट्याच्या जागी पिळला की तो आत जाऊन टेकायला नको तिथे टेकतो.

आता रिबन. ओढायची नाही. कनेक्टरवर एक बारीक पट्टीसारखं लॉक असतं, काळं किंवा तपकिरी, ते नखाने वर उचललं की रिबन आपोआप सैल होते. काही ठिकाणी वर उचलायचं नसतं, दोन बाजूंना छोट्या खिट्ट्या असतात त्या दाबून सरळ मागे काढायची. न समजता जोर लावला की लॉक तुटतं, आणि मग ९०० चं काम टीकॉन बदलण्यावर जातं. पिना बघा, पुसा, पूर्ण सुकू द्या, परत घालताना रिबन अगदी सरळ आत जाऊ द्या. रिबनवर आडवी छापील रेघ असते ती कनेक्टरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे. तिरकी बसली तर शेजारशेजारच्या पिना भिडतात, आणि त्यात एका पिनवर २५-३० व्होल्ट आणि शेजारी ३ व्होल्टवाली असेल तर सीओएफ एका सेकंदात जातो. म्हणूनच टीव्ही चालू असताना रिबन कधीही काढायची घालायची नाही, "हलवून बघतो चित्र येतंय का" हा प्रकार तर नाहीच नाही.

व्होल्टेज मोजायचं काम घरी करू नका. मीटरची सुई घसरली तर जे जिवंत आहे ते पण जातं. आणि काचेची चौकट, म्हणजे पुढची बेझल, अजिबात उघडू नका, तिच्या आत सीओएफ सिगारेटच्या पन्नीसारखे नाजूक असतात.

नवीन रिबन कुठे मिळेल?

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारत जा, दोन-तीन दुकानं फिरावं लागेल. जुनी रिबन बरोबर न्या, मॉडेल नंबर सांगून भागत नाही. पिनांची संख्या, पिनांमधलं अंतर (बहुतेक ०.५ मिलिमीटर), लांबी, आणि सगळ्यात जास्त चुकतं ते म्हणजे दोन्ही टोकांचे कॉन्टॅक्ट एकाच बाजूला आहेत की उलट बाजूंना. हे उलटं आलं तर रिबन बसते व्यवस्थित, आणि चित्र येत नाही किंवा त्याहून वाईट होतं.

मधोमध एक आडवी पांढरी रेघ चमकते, बाकी चित्र एकदम मस्त. ही रिबन बदलून जाईल का?

नाही. हे वाक्य मी रोज बोलतो आणि लोकांना आवडत नाही.

कारण समजून घ्या. उभ्या लाइनींना चित्र पट्टीवरून आणि रिबनमधून येतं, ते वर सांगितलं. आडव्या लाइनींचं काम वेगळं. फुल एचडीत १०८० आडव्या ओळी, फोर केमध्ये २१६०, आणि वरून खाली एकेक ओळीला "आता तुझी पाळी, तुझं चित्र घे" असं सांगणारं सर्किट असतं त्याला गेट म्हणतात. पंगतीत वाढपी कसा पहिल्या पानापासून वाढत येतो तसं. हा वाढपी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत व्यवस्थित चाललाय, म्हणूनच तुमचं बाकी चित्र मस्त आहे. फक्त एका पानापर्यंत जाणारी वाट तुटलीय किंवा दुसऱ्या कशाला भिडलीय. रिबनमध्ये एका ओळीसाठी वेगळी तार नसतेच, मग रिबन बदलून ती एक ओळ कशी येणार?

आता मुद्द्याचं. पॅनलला हे गेट सर्किट दोन प्रकारे लावलेलं असतं. जुन्या बऱ्याच पॅनलमध्ये डाव्या-उजव्या उभ्या कडेला पण सीओएफ असतात, फिल्म चिकटवलेल्या दिसतात. तिथे रेघ फिल्म आणि काच यांच्या जोडामुळे आली असेल तर बॉन्डिंग करून काही वेळा जाते. नंतरच्या बहुतेक पॅनलमध्ये गेट सर्किट थेट काचेवरच छापलेलं असतं, बाजूच्या कडा एकदम मोकळ्या, फिल्म नाही, चिप नाही, काही नाही. तिथे चिकटवायला काही उरतच नाही. म्हणून कोणी "आडवी रेघ काढून देतो" म्हणाला तर त्याला एकच विचारा, माझ्या पॅनलला बाजूच्या कडेला फिल्म आहे का? तो काय उत्तर देतो त्यावरून त्याला कळतं की नाही ते तुम्हाला कळेल.

रेघ कशी आहे ते पण बघा. पूर्ण रुंदीभर आहे, की मधूनच सुरू होऊन एका कडेपर्यंत जाते? मधून सुरू होत असेल तर जिथून सुरू होते तिथेच काचेवरची ती बारीक तार तुटलीय. आणि आडव्या रेघेला छेदून एक उभी रेघ पण असेल, अधिक चिन्हासारखी, तर त्या छेदावर आडवी आणि उभी तार एकमेकींना शॉर्ट झालीय. अशा शॉर्टवर लेझर मशीनने काम करणारे आहेत, पण मशीनवाल्याने आधी पॅनल डोळ्याने बघून हो म्हटलं तरच जा.

थापटी मारली की रेघ जाते, मग परत येते. म्हणजे कनेक्शनच सैल असणार ना?

कनेक्शन सैल आहे हे बरोबर, पण ते कनेक्शन म्हणजे रिबन नाही. सीओएफ काचेला ज्या थराने चिकटवलेला असतो त्यात वीज नेणारे सूक्ष्म कण असतात, तो थर सुटत आलाय. दाबल्यावर टेकतो, सोडल्यावर सुटतो. म्हणून काही लोक बेझलखाली रबराचा तुकडा, नाहीतर चक्क कागदाची घडी घालून देतात आणि दोन महिने रेघ येत नाही. मी करत नाही, कारण दाब एका जागी राहिला की काच तडकते आणि मग भांडायला माझ्याकडेच येणार. आणि थापट्या मारणं थांबवा, काच आहे ती.

खालचा अर्धा काळा आहे, किंवा चित्र खाली जाऊन ओघळल्यासारखं दिसतं. याला काही उपाय?

हा वाढप्याचा प्रॉब्लेम. गेट सर्किटात एक ओळ पुढच्या ओळीला सुरू करते, मधे एक पायरी बिघडली की पुढची सगळी पंगत उपाशी. वरचं चित्र चांगलं आणि एका उंचीपासून खाली सगळं गेलेलं, हे त्याचं लक्षण. टॉर्चने आधी खात्री करा की दोष बॅकलाइटचा नाहीये.

इथे एक जुगाड आहे आणि तो खरंच चालतो, काही पॅनलवर. मोठ्या पॅनलमध्ये बऱ्याचदा वाढपी दोन असतात, एक डाव्या कडेने, एक उजव्या, दोघं मिळून तीच ओळ चालवतात. त्यातला एक बिघडला तर तो दुसऱ्याला पण खाली ओढतो. मग टीकॉनवरून बिघडलेल्या बाजूच्या पट्टीकडे जाणाऱ्या रिबनवर, गेटच्या क्लॉकच्या ज्या पिना आहेत तेवढ्यांवर उष्णतारोधक टेप लावून त्या तोडायच्या, म्हणजे एका वाढप्याला घरी पाठवायचं आणि दुसऱ्यानेच सगळी पंगत वाढायची. आमच्यात त्याला सीकेव्ही कट म्हणतात. चित्र पूर्ण येतं, कधी एका बाजूला किंचित फिकट दिसतं. मी हे करताना गिऱ्हाइकाला बिलावर लिहून देतो की हे किती चालेल सांगता येत नाही, कारण राहिलेला एकटा दुप्पट काम करतोय. माझ्याकडचे काही दोन वर्षं चाललेत आणि एक नऊ दिवसात परत आला. चुकीची पिन झाकली तर आहे ते चित्र पण बिघडतं, तेव्हा हे घरी नको.

बॉन्डिंग म्हणजे नक्की काय, आणि करून घ्यावं का?

सुटलेला किंवा मेलेला सीओएफ काढून नवीन फिल्म आणि तो चिकट थर घालून मशीनने ठराविक तापमान आणि दाब देऊन परत चिकटवणं. हजारभर लाइनी मायक्रोस्कोपखाली एकावर एक जुळवायच्या असतात, हाताने किंवा हॉट गनने हे होत नाही. उभा पट्टा गेलाय, काच धडधाकट आहे, टीव्ही ५० इंचाच्या वरचा आहे, तर करायला हरकत नाही. विचारा की मशीन त्याच्याकडे आहे की तो दुसरीकडे पाठवणार, आणि गॅरंटी किती. तीन महिन्यांच्या खाली गॅरंटी देत असेल तर त्याचा स्वतःचाच त्याच्या कामावर विश्वास नाही असं समजा. नेण्या-आणण्यातच काच फुटली तर कोणाची, हे आधी बोलून घ्या.

स्क्रीन पुसला आणि दुसऱ्या दिवशी खाली रेघा आल्या. पुसल्याने असं होतं?

होतं, आणि खूप होतं. स्प्रे थेट काचेवर मारला की थेंब ओघळून खालच्या फटीत जातात, आणि बऱ्याच टीव्हीत सीओएफ आणि पट्ट्या नेमक्या खालच्या कडेलाच असतात. चालू टीव्हीत गेलं तर तिथेच शॉर्ट. फडकं किंचित ओलं करून पुसा, स्प्रे फडक्यावर मारा. झालं असेल तर लगेच प्लग काढा, चालू करून "बघू नका", आणि एक-दोन दिवसात उघडून घ्या, गंज धरायच्या आत आणलेले काही वाचलेत.

आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा किंवा शाईसारखा काळा डाग पसरतोय, तर ती काच फुटलीय. त्यावर काही उपाय नाही, टेप नाही, बॉन्डिंग नाही.

पॅनल बदलून घेऊ की नवीन घेऊ? खरं सांगा, तुमचा धंदा बाजूला ठेवून.

टीव्हीच्या किमतीत निम्म्याहून जास्त वाटा पॅनलचाच असतो, त्यामुळे पॅनल बदलणं म्हणजे जवळजवळ नवीन टीव्ही जुन्या बोर्डांसकट विकत घेणं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणजे नवीन आणखी खाली आला.

वारज्याच्या एका दादांची केस घ्या. ५५ इंची, चार वर्ष जुना, मधोमध आडवी रेघ. एकाने त्यांच्याकडून "रिबन आणि सर्व्हिस" म्हणून ६००० घेतले, तेव्हा रेघ गेली, आठ दिवसात परत आली, आता तो फोन उचलत नाही. मी उघडून दाखवलं, बाजूच्या कडा मोकळ्या, फिल्म नाही. रेघ गेली होती ती उघडताना काचेवरचा ताण बदलला म्हणून, दुसरं काही नाही. पॅनल मागवून बसवायचा तर २६ हजार येत होते, आणि त्याच मापाचा नवीन त्या आठवड्यात ३८ ला मिळत होता, वर वर्षाची वॉरंटी. बदललेल्या पॅनलला मी फार तर सहा महिने देऊ शकलो असतो, आणि पॉवर सप्लाय, मेन बोर्ड, बॅकलाइट सगळं चार वर्ष जुनंच. त्यांना सांगितलं, रेघ एकच आहे, ती बघत बघत चालवा, दुसरी आली की नवीन घ्या. चौदा महिने झाले, अजून तीच एक रेघ आहे, क्रिकेट बघताना धावफलकावरून जाते एवढीच तक्रार.

माझा हिशोब असा आहे की त्याच मापाच्या नवीन टीव्हीच्या एक तृतीयांशाच्या वर खर्च जात असेल तर करू नका. रिबन, टीकॉन, बॅकलाइट ही कामं सहसा त्याच्या आत बसतात. बॉन्डिंग मोठ्या टीव्हीलाच परवडतं. ३२ इंचाला रिबनच्या पुढे काही निघालं तर मी स्वतःच नको म्हणतो.

वॉरंटीत आहे, पण सर्व्हिसवाला "फिजिकल डॅमेज" लिहून गेला. आता?

चीर, डाग, ओल यातलं काही नसेल आणि फक्त सरळ रेघ किंवा सरळ अर्धा काळा असेल तर ते आपोआप आपटल्याचं लक्षण होत नाही. टीव्ही बंद असताना काचेचे चारी कोपऱ्यांचे जवळून फोटो काढा, तिरक्या उजेडात, म्हणजे काच धड आहे हे दिसतं, आणि कुठे डॅमेज आहे ते जागा दाखवून लेखी मागा. काही कंपन्या पॅनलला वेगळी, जास्त मुदतीची वॉरंटी देतात, बिल आणि कार्ड दोन्ही वाचा. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण एक करा, वॉरंटी चालू असताना माझ्यासारख्याकडे उघडायला आणू नका, सील तुटलं की सगळं संपलं.

पॅनल गेलेला टीव्ही भंगारात किती जाईल?

भंगारवाला फार काही देत नाही, पण मेन बोर्ड, पॉवर सप्लाय, टीकॉन, स्पीकर, रिमोट आणि भिंतीचा ब्रॅकेट चालू स्थितीत असतील तर माझ्यासारखे दुकानदार घेतात, कारण त्याच मॉडेलचा मेन बोर्ड गेलेला दुसरा कोणीतरी येतोच. मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो पाठवा, बघून सांगतो. राहिलेला सांगाडा आणि काच कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, पुण्यात स्वच्छ संस्थेची माणसं ई-कचरा वेगळा घेतात, तुमच्याकडे रोज येणाऱ्या ताईंनाच विचारा.